ड्रॉइंग क्लास की घरी कोरे कागद?

पोरगं चार-साडेचार वर्षांचं झालं, भिंती रंगवायला लागलं, की घरात विषय निघतोच: क्लास लावायचा का? त्याआधी ते नेमकं काय काढतंय, हे बघायला हवं.

तान्हा पोळा म्हणजे मुलांचा पोळा, त्यात पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत नेतात. माझ्या साडेचार वर्षांच्या भाचीने त्यानंतर तसाच बैल काढला. डोकं म्हणजे एक वाटोळं, शिंगं नाहीतच. पण चारही चाकं ठसठशीत आणि प्रत्येकाच्या मधोमध खिळ्याचा ठिपका. घरच्यांनी निष्कर्ष काढला, हिला प्राणी आवडतात. पुढच्या आठवड्यात ऑटो आला, मग भाजीचा ठेला. बैल गायब, ठिपका मात्र सगळीकडे. पोरीला बैलाचं नाही, चाक कशावर फिरतं याचं वेड होतं. एका चित्रावरून हे कळलं नसतं. चार-पाच चित्रांत काय पुन्हा येतं आणि मूल कुठे रेंगाळतं, त्यावरून कळतं. काळा रंग किंवा डोक्यातून थेट निघालेले पाय यांवरून मनाचा ठाव घेऊ नका. तीन-चार वर्षांची मुलं माणूस असाच काढतात, आणि खडू पुष्कळदा हाताला लागेल तो उचलतात.

आता क्लास. तिथे हात वळतो, चार मुलं भेटतात, तासभर आईची सुटका होते (हेही कारण खरंच आहे). पण बऱ्याच ठिकाणी बाई फळ्यावर बैल काढतात आणि सगळे तोच उतरवतात. अशा बैलाला शिंगं येतील, खिळा जाईल. ओळखायची खूण सोपी आहे: भिंतीवरची चित्रं बघा. सगळी एकसारखी असतील तर परत फिरा. बक्षिसं आणि सर्टिफिकेटांवर भर असेल तरीही जपून. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीत प्रयोग केला. चित्र काढण्याआधीच ज्यांना बक्षीस कबूल केलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात रंगांकडे कमी वळली.

घरी खर्च नाममात्र: पाठकोरे कागद आणि जाड खडू. मात्र वेळ तुमचा जातो. "हे काय आहे?" विचारलं की मूल गडबडतं, त्यापेक्षा "यातलं मला सांग ना" म्हणा. मग चित्राचा विषय हातात द्या. भाचीला दोऱ्याची रिकामी रिळं आणि झाडूची काडी दिली, रविवारी नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय दाखवलं. नंतरच्या इंजिनात दोन चाकांना जोडणारा दांडा आला. तो कुणी सांगितला नव्हता.

माझं मत विचाराल तर सहा-सात वर्षांपर्यंत घरच बरं. दोघं नोकरीवर असाल तर मुलांना मनचं काढू देणारा क्लास शोधा. बाकी, "मला असं काढायचंय पण जमत नाही" असं मूल स्वतः म्हणायला लागलं, की शिकवणाऱ्याची गरज खरी.