तालुक्याच्या गावी फ्रिज घेताना: कॉम्प्रेसर कुठला आणि दुरुस्तीला येणार कोण?

चार माणसांच्या घराला 180 ते 200 लिटरचा सिंगल डोअर फ्रिज पुरतो. या मापात गोदरेज, व्हर्लपूल, एलजी, सॅमसंग, हायर असे सगळे दुकानात शेजारी शेजारी उभे असतात, आणि दूध-भाजी गार ठेवण्यात त्यांच्यात फार डावं-उजवं करता येत नाही. फरक पडतो तो दोन गोष्टींत. मागे बसवलेला कॉम्प्रेसर कुठल्या प्रकारचा आहे, आणि तो बंद पडला तर तुमच्या गावात येणार कोण. पुण्यात दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही. भूम, करमाळा, परतूर अशा ठिकाणी मात्र तो आधी विचारावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

साधा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो. आत पुरेसं गार झालं की बंद, तापमान चढलं की पुन्हा सुरू. सुरू होताना तो एक क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, आणि कमी व्होल्टेजमध्ये नेमका तिथेच अडतो. संध्याकाळी व्होल्टेज 160-170 वर आलं की फ्रिजच्या मागून दबका घुं-घुं आवाज येतो, काही सेकंदांत ‘टक्’ होतं आणि सगळं शांत. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तो ‘टक्’ ओव्हरलोड प्रोटेक्टरचा. तो मोटर वाचवायला लाइन तोडतो. रोज असं होत राहिलं तर शेवटी वाइंडिंग जळतं. जमेची बाजू अशी, की रिले किंवा ओव्हरलोड गेला तर काही शेकड्यांत काम होतं आणि बाजारपेठेतला कुठलाही जुना मेकॅनिक ते करून देतो.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरची मोटर एका इलेक्ट्रॉनिक बोर्डवर चालते आणि गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करते. सुरुवात हळू होत असल्याने कमी व्होल्टेज तो बराच सोसतो, आवाज कमी करतो आणि घरच्या साइन वेव्ह इन्व्हर्टरवरही सहज उचलतो. (इन्व्हर्टर फ्रिज म्हणजे लाइट गेल्यावर आपोआप चालणारा फ्रिज, असा समज अजून आहे. तसं नाही, त्याला घरचा इन्व्हर्टर आणि बॅटरी वेगळीच लागते.) त्याची दुखरी नस म्हणजे तो बोर्ड. खांबावरचा न्यूट्रल सैल झाला की काही घरांत व्होल्टेज 300 च्या वर उसळतं, आणि असा एकच झटका बोर्डला पुरतो. ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ हे स्टिकर ठरावीक मर्यादेपुरतंच खरं असतं. ती मर्यादा माहितीपत्रकात छापलेली असते. मॉडेलगणिक ती वेगळी असते, म्हणून आकडा बघूनच घ्या. आणि बोर्ड हा कंपनीचा, त्या मॉडेलचाच लागतो. तो हजारांत जातो, शिवाय तो मिळेपर्यंत थांबावं लागतं.

वॉरंटीची गंमत इथे कळते. दरवाजावर मोठ्या अक्षरांत 10 वर्षं लिहिलेलं असतं, सॅमसंगने तर डिजिटल इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवर 20 वर्षं जाहीर केली आहेत. पण ही वर्षं फक्त कॉम्प्रेसरची. बाकी फ्रिजला बहुधा एकच वर्ष, आणि बोर्ड सहसा त्या ‘बाकी’त येतो. पाचव्या वर्षी कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी गॅस, फिल्टर आणि मजुरी तुमच्याच खिशातून जाऊ शकते. म्हणून दुकानदाराला ‘वॉरंटी किती’ असं न विचारता ‘बोर्डला किती, आणि गॅस चार्जिंग त्यात आहे का’ असं विचारा.

वीजबिलाचं गणित लेबलवरच करता येतं. बीईईच्या तारांकित लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात. समजा साध्या फ्रिजवर 190 आणि इन्व्हर्टरवर 130 आहेत. फरक 60 युनिटांचा. हिशेबापुरतं युनिट 10 रुपयांना पडतं असं मानलं, तर वर्षाला 600 रुपये वाचले. किमतीत अडीच हजारांचा फरक असेल तर तो फिटायला चार वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. मात्र मधे एकदा बोर्ड बदलावा लागला तर ही सगळी बचत त्यात जाते.

आता सर्व्हिस. गोदरेजचा शिरवळला, तर व्हर्लपूल, एलजी आणि हायरचा रांजणगावला कारखाना आहे. तरी कारखाना जवळ म्हणजे पार्ट लवकर, असं होत नाही. पार्ट कंपनीच्या डेपोतून सर्व्हिस सेंटरला आणि तिथून तुमच्याकडे येतो. तालुक्याला बहुधा कंपनीचं स्वतःचं ऑफिस नसतं, फ्रँचायझी असते, आणि एकच माणूस दोन-तीन कंपन्या सांभाळतो. वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत आणखी एक कलम सापडतं: सर्व्हिस सेंटरच्या नगरपालिका हद्दीबाहेर येण्या-जाण्याचा किंवा फ्रिज नेण्या-आणण्याचा खर्च ग्राहकाचा. वाडीवस्तीवर राहणाऱ्यांनी हे कलम दुकानातच वाचावं.

गॅसचंही तसंच. आताच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-600ए असतो. तो ज्वालाग्राही असतो आणि सिंगल डोअरमध्ये जेमतेम काही दहा ग्रॅम लागतो, त्यामुळे व्हॅक्यूम करून, वजनकाट्यावर मोजूनच भरावा लागतो. अंदाजाने भरला की लगेच दिसतं. कमी पडला तर फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरतो आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. जास्त झाला तर मागची परतीची नळी घामाघूम होते, तिच्यावर बर्फही चढतो. गावातल्या मेकॅनिककडे काटा आहे का, हे विचारायला लाजू नका.

भूमचं एक घर धरून निवड करून बघू. चार माणसं, संध्याकाळी व्होल्टेज पडतं, घरात साइन वेव्ह इन्व्हर्टर आहे, खरेदी बार्शीला. आधी आठवडाभर संध्याकाळी सात-आठच्या सुमारास वायरमनकडून मीटर लावून व्होल्टेज बघायचं. मग आवडलेल्या तीन ब्रँडच्या कस्टमर केअरला फोन करून भूमचा पिनकोड सांगायचा आणि तक्रार आली तर कुठल्या सेंटरचा माणूस येतो ते विचारायचं. मिळालेल्या सेंटरला स्वतः फोन करायचा: भूमला आठवड्यातून किती वेळा येता, व्हिजिट चार्ज किती, इन्व्हर्टर बोर्ड तुमच्याकडे असतो की मागवावा लागतो? ‘मागवतो, आठ-दहा दिवस’ हे उत्तर एप्रिलमध्ये महागात पडतं.

ज्या ब्रँडचा माणूस भूमला नेमाने येतो आणि बोर्ड बार्शीतच मिळतो, त्याचा थ्री स्टार इन्व्हर्टर फ्रिज मी या घराला सुचवेन, मग दरवाजावरचं नाव कुठलं का असेना. सोबत हाय व्होल्टेजला लाइन तोडणारा स्टॅबिलायझर हवाच, स्टिकर काहीही म्हणो. तिन्ही सेंटरांची उत्तरं गुळमुळीत आली, तर साधा कॉम्प्रेसर घ्यावा. त्याला मात्र कमी व्होल्टेज उचलून देणारा आणि लाइट आल्यावर तीन मिनिटं थांबून सुरू होणारा स्टॅबिलायझर लागेल. अशा घरात फ्रिज लाइनवरच ठेवावा, घरच्या इन्व्हर्टरला जोडू नये.

ऑनलाइन दोन हजार स्वस्त मिळत असेल, तरी आधी त्या मॉडेलचा नंबर सेंटरला सांगून बघा. काही मॉडेल ऑनलाइनपुरतीच काढलेली असतात, आणि त्यांचा बोर्ड दुकानातल्या मॉडेलला चालेलच असं नाही.