अनौपचारिक विनोद अहवालात नेताना: तीन मार्गांची तुलना

नाशिकमधल्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या सोसायटीचं उदाहरण घेऊ. पावसाळ्यात तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं आणि सभासदांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं:

«पार्किंगमध्ये एवढं पाणी आलंय की दुतोंड्या मारुतीला इकडेच आणून बसवा, पूर मोजायला बरं पडेल!»

सगळे हसले, कारण गोदाघाटावरच्या या मूर्तीला कुठपर्यंत पाणी लागलं यावरून नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात. आता हेच वाक्य सचिवांना वार्षिक सभेच्या अहवालात घ्यायचं आहे. समोर ज्येष्ठ सभासद, भाडेकरू, एखादे वकील असणार. त्यासाठी साधारण तीन मार्ग वापरले जातात.

पहिला मार्ग: शब्द बदलणे

«भूमिगत वाहनतळात मोठ्या प्रमाणावर जलसंचय झाल्याने पूरपातळी मोजण्याच्या सोयीसाठी दुतोंड्या मारुतीची मूर्ती सदर ठिकाणी स्थलांतरित करण्यात यावी.»

बहुतेक लोक हाच मार्ग धरतात आणि इथेच विनोद मरतो. दोष जड शब्दांना दिला जातो, पण खरं नुकसान क्रमामुळे होतं. मूळ वाक्यात मारुती आधी येतो. ऐकणारा क्षणभर थबकतो, ‘मारुती कशाला?’ आणि ‘पूर मोजायला’ हे उत्तर शेवटी मिळतं. नव्या वाक्यात कारण आधीच सांगून टाकलं, त्यामुळे कोडंच उरलं नाही. शिवाय मारुतीनंतर ‘सदर ठिकाणी स्थलांतरित करण्यात यावी’ अशी शेपटी लागली. हसू यायच्या जागेनंतर पाच शब्द ऐकावे लागले, तर हसू विरतं.

याहून मोठा धोका म्हणजे ‘करण्यात यावी’ हा ठरावाचा साचा आहे. मित्रांमध्ये ‘आणून बसवा’ ही उघड अतिशयोक्ती असते, पण अहवालात ती मागणी वाटते. कुणीतरी उठून मूर्ती हलवण्याला हरकत घेईल, आणि ती हरकत योग्यच असेल.

दुसरा मार्ग: आधी सूचना देणे

«गमतीने सांगायचे तर, दुतोंड्या मारुतीला इथे आणावे लागेल की काय, असे वाटले.»

गैरसमज टळतो, पण ‘गमतीने’ म्हटल्यावर ऐकणारा सावध होतो आणि हसू अर्ध्यावर येतं. अहवाल लिहिणारा एक आणि वाचणारा दुसरा असेल, तर मात्र हाच मार्ग बरा. वाचणाऱ्याला योग्य जागी थांबता येईल याची खात्री नसते.

तिसरा मार्ग: गाभा ठेवून वाक्य नव्याने बांधणे

आधी गाभा शोधायचा. इथे तो मूर्ती हलवण्यात नाही. नदीच्या पुराचं माप पार्किंगच्या डबक्याला लावलं, यात तो आहे. तेवढं राखलं की बाकी सगळं सोडता येतं:

«जुलैमध्ये पार्किंगमध्ये तीन वेळा पाणी साचले. गोदावरीला किती पूर आला, हे आपण दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत पाणी लागले यावरून ओळखतो. आपल्या पार्किंगमध्ये अशी सोय अद्याप उपलब्ध नाही.»

मारुती गोदाघाटावरच राहिला, त्यामुळे अनादराचा प्रश्न आला नाही. नाशिकबाहेरून आलेल्या भाडेकरूला लागणारी माहिती मधल्या वाक्यात आली. ती विनोदानंतर दिली असती, तर स्पष्टीकरण झाली असती. आणि औपचारिक भाषा इथे विनोदाच्या कामी आली, कारण ‘सोय अद्याप उपलब्ध नाही’ हे कार्यालयीन पाटीवरचं वाक्य भलत्याच गोष्टीला लागलं. त्यातला ‘अद्याप’ काढून पाहा. वाक्य नुसती माहिती उरतं, कारण ती सोय पुढेमागे होणार असल्याचा गंभीर आव ‘अद्याप’मध्येच आहे.

हा मार्ग दोन ठिकाणी फसतो. एक म्हणजे लेखकाला मोह होतो आणि तो आणखी एक ओळ जोडतो, ‘मारुतीरायांची परवानगी घ्यावी लागेल’ वगैरे. दुसरी ओळ पहिलीचं हसू खाते. त्याऐवजी लगेच ‘पंपासाठी दोन दरपत्रके मागवली आहेत’ असं कामाचं वाक्य घ्यावं. दुसरं म्हणजे उद्गारचिन्ह. गंभीर आवावर चाललेल्या वाक्याला ते लावलं की आव सुटतो. पूर्णविरामच हवा.

तपासायचं असेल तर ग्रुपवर नसलेल्या एकाला मजकूर एकदाच वाचून दाखवावा. त्याने ‘म्हणजे?’ विचारलं, तर मधलं वाक्य अपुरं आहे. तो ‘मारुती’लाच हसला आणि शेवटी गप्प राहिला, तर क्रम चुकलेला आहे.

कोणता निवडावा

स्वतः लिहून स्वतः वाचणार असाल किंवा अहवाल छापून वाटणार असाल, तर तिसरा. दुसऱ्याच्या तोंडी मजकूर जाणार असेल, तर दुसरा. पहिला कुठेच नको.

तोच मजकूर महापालिकेला तक्रार म्हणून द्यायचा असेल, तर विनोद पूर्ण काढावा. तिथे तारीख, वेळ आणि किती इंच पाणी होतं एवढंच लागतं, आणि ‘सोय उपलब्ध नाही’ हा टोमणा वाटेल. ज्या आठवड्यात गोदाकाठची दुकानं खरोखर पाण्यात असतील, त्या आठवड्यात हे वाक्य सभेतही वाचू नये.