एंड स्क्रीन आणि कार्डवर काय लिहायचं: मामाच्या बेदाणा चॅनेलवरचे आठ महिने

माझा मामा तासगाव तालुक्यात द्राक्षं करतो, बेदाणाही घरच्याच शेडवर करतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं यूट्यूब चॅनेल काढलं. शूटिंग त्याचं, तेही मोबाइलवर. एडिटिंग मी सांगलीत घरी बसून करते. गेल्या जानेवारीपर्यंत आमच्या प्रत्येक व्हिडिओचा शेवट एकसारखाच असायचा. मामा हात जोडायचा, "तर मंडळी, आजची माहिती कशी वाटली ते नक्की कळवा" म्हणायचा आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत "धन्यवाद! लाइक, शेअर, सबस्क्राइब" यायचं. त्याखाली एंड स्क्रीनचे दोन चौकोन. त्यावर कुणी दाबायचंच नाही. जानेवारीपासून मी फक्त या शेवटाच्या आणि कार्डांच्या शब्दांवर काम केलं. त्याचा हा अनुभव.

माहीत नसणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. एंड स्क्रीन व्हिडिओच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांत लावता येते. त्यात जास्तीत जास्त चार गोष्टी बसतात आणि मूळ व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा असावा लागतो. कार्ड म्हणजे व्हिडिओ चालू असताना वरच्या कोपऱ्यात येणारी पट्टी, एका व्हिडिओला पाचपर्यंत. एंड स्क्रीन सुरू झाली की कार्डं दिसत नाहीत. एक गोष्ट मला फार उशिरा कळली: एंड स्क्रीनच्या चौकोनावर आपल्याला काहीही लिहिता येत नाही. तिथं पुढच्या व्हिडिओचं थंबनेल येतं. "हे बघा" असं जे काही लिहायचं ते एडिटिंगमध्येच व्हिडिओवर लिहावं लागतं. अपलोड झालं की तो मजकूर कायमचा. चौकोन मात्र नंतर कितीही वेळा बदलता येतो. माझ्या निम्म्या चुका या एका फरकातून झाल्या.

पहिली चूक सांगते. मार्चमध्ये एका व्हिडिओच्या शेवटी मी लिहिलं, "पुढे बघा: बेदाण्याची प्रतवारी". प्रतवारीचा व्हिडिओ दोन दिवसांनी यायचा होता, म्हणून चौकोनाला Most recent upload लावून ठेवलं, म्हणजे चॅनेलवरचा सगळ्यात नवा व्हिडिओ तिथं आपोआप येतो. दोन दिवस तिथं जुनाच व्हिडिओ दिसला. मग आठवडाभर बरोबर चाललं. त्यानंतर मामानं विहिरीच्या मोटारीचा व्हिडिओ टाकला आणि "बेदाण्याची प्रतवारी" या अक्षरांखाली पाण्याची मोटार येऊन बसली. ते महिनाभर तसंच होतं, मला पत्ता नाही. एका शेतकऱ्यानं कमेंटमध्ये विचारलं, "मोटारीची प्रतवारी कशी करायची?" तेव्हापासून माझा नियम असा: मजकुरात विषयाचं नाव घेतलं असेल तर चौकोनात हातानं निवडलेला ठरावीकच व्हिडिओ. Best for viewer ठेवायचं असेल तर मजकुरात कुठलाही विषय नाही, कारण तिथं प्रत्येकाला वेगळा व्हिडिओ दिसतो. जुन्या व्हिडिओवरून एंड स्क्रीन जशीच्या तशी आणायची सोय आहे, ती वापरताना तर हे हमखास विसरतं. चौकोनांची जागा येते आणि त्यासोबत जुना निवडलेला व्हिडिओही येतो.

आता मुख्य मुद्दा, शब्दांचा. हा मी एकाच व्हिडिओवर सविस्तर सांगते, कारण तिथंच मला तो समजला.

व्हिडिओचं शीर्षक होतं, "बेदाणा पिवळा राहण्यासाठी द्रावण कसं करायचं". डिपिंग ऑइल म्हणजे इथाइल ओलिएट, आणि पोटॅशियम कार्बोनेट, या दोन्हींच्या द्रावणात घड बुडवून मग रॅकवर सावलीत वाळवतात. मामा त्यात प्रमाण, मिसळायचा क्रम, घड किती वेळ बुडवायचे, सगळं दाखवतो. माहिती चोख. पण मी अतिशहाणपणा करून ठेवला होता. प्रमाणाचा तक्ता आमच्या आधीच्या एका व्हिडिओत होता, म्हणून इथं मामाचं प्रमाणाचं बोलणं कापलं आणि त्या जागी कार्ड लावलं: "प्रमाण या व्हिडिओत". वाटलं, जुन्या व्हिडिओलाही प्रेक्षक मिळतील. कार्डावर लोकांनी भरपूर दाबलं, आकडा बघून मी खूश. पण कमेंटमध्ये शिव्या. शीर्षकात द्रावण कसं करायचं म्हणता आणि प्रमाण दुसरीकडं? मामाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "अगं, बोर्ड लावलाय चहाचा, आणि गिऱ्हाइकाला चहा प्यायला शेजारच्या टपरीवर धाडतीयस."

त्यानंतर कार्डाचं काम मी पक्कं ठरवलं. शीर्षकानं जे द्यायचं कबूल केलंय त्याचा कुठलाही भाग कार्डामागं ठेवायचा नाही. कार्ड फक्त अशा माणसासाठी, ज्याला ही पायरी समजायला मागची एक गोष्ट कमी पडतेय. द्रावणाच्या व्हिडिओत मामा एका वाक्यात म्हणतो, "गोडी भरल्याशिवाय तोडणी करू नका." गोडी म्हणजे किती, हे नवख्याला माहीत नसतं. बेदाण्यासाठी किमान २०-२२ ब्रिक्स तरी धरतात आणि ती यंत्रानं कशी मोजायची याचा आमचा वेगळा व्हिडिओ आहे. म्हणून कार्ड तिथं, त्या वाक्यानंतर लगेच: "गोडी कशी मोजायची?" ज्याला माहीत आहे तो बघत राहतो, ज्याला माहीत नाही तो जातो. या कार्डावर प्रमाणाच्या कार्डापेक्षा कमी लोक दाबतात. मला चालतं. कापलेलं प्रमाण परत घालून तो व्हिडिओ मी नव्यानं चढवला, जुना काढून टाकला. त्याचे सगळे व्ह्यूज गेले, ते गेलेच.

कार्डाला लिहायच्या दोन जागा आहेत. Teaser text म्हणजे चालू व्हिडिओवर झळकणारी पट्टी, आणि Custom message म्हणजे कार्ड उघडल्यावर दिसणारी ओळ. दोन्हीला ३० अक्षरांची मर्यादा. इथं मराठीची अडचण होते, कारण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. "द्राक्ष" हा आपल्याला छोटा वाटणारा शब्द सात अक्षरं खातो. मी "द्राक्ष बुडवण्याच्या द्रावणाचे प्रमाण" लिहायला गेले तर "द्रावणाचे" पाशीच तीस भरली, "प्रमाण" बाहेर. "द्रावणात काय किती?" अठरात बसतं. म्हणजे जोडाक्षरांचे छापील शब्द टाळून बोलीतला प्रश्न लिहिला की आपोआप जागा होते. पट्टी रिकामी सोडली तर तिथं पुढच्या व्हिडिओचं शीर्षक येतं, आणि आमची शीर्षकं लांब असल्यानं ते अर्ध्यात तुटतं. म्हणून रिकामी मी ठेवत नाही.

आता शेवट. द्रावणाचा व्हिडिओ बघून संपवलेल्या माणसाच्या डोक्यात पुढं काय येतं? त्याला द्रावण कळलंय. आता घड रॅकवर जाणार, आणि त्याला भीती एकच, काळा पडला तर? घड एकमेकांवर पडले, मणी दुखावले, ऊन लागलं किंवा वाळायला फार दिवस लागले की रंग जातो. शीर्षकात "पिवळा राहण्यासाठी" म्हटलंय, म्हणजे ते वचन खरं तर द्रावणावर संपतच नाही. म्हणून शेवटचा मजकूर केला: "तरीही काळा का पडतो?" तीन-चार शब्द, त्यातला "तरीही" महत्त्वाचा. तो म्हणतो की आत्ता सांगितलेलं पुरं झालं, ही त्याच्या पुढची गोष्ट आहे.

तरी पहिल्या महिन्यात गंमत झाली. लोक दाबत होते, पण पुढच्या व्हिडिओवर थांबत नव्हते. अॅनालिटिक्समध्ये त्या दुसऱ्या व्हिडिओचे प्रेक्षक कुठून आले हे बघितलं आणि End screens मधून आलेल्यांचा सरासरी वेळ बघितला, तर जेमतेम अर्धा मिनिट. कारण त्या व्हिडिओचं शीर्षक होतं "बेदाणा निर्मितीतील समस्या व उपाय" आणि सुरुवातीला मामा दीड मिनिट पावसावर बोलत होता. काळा पडण्याचा विषय सहाव्या मिनिटाला. मी शीर्षक बदललं, "बेदाणा काळा पडतो: रॅकवरच्या चुका" केलं, आणि स्टुडिओतल्या एडिटरमधून पावसाचं पुराण कापलं. आता मामाच्या तोंडी, पडद्यावरच्या अक्षरांत आणि पुढच्या शीर्षकात "काळा पडतो" हेच दोन शब्द येतात. वेळ तीन मिनिटांवर गेला. माझ्या मते या आठ महिन्यांत सगळ्यात जास्त फरक यानं पडला, आणि यासाठी एंड स्क्रीनला हातही लावावा लागला नाही.

निरोप मात्र काढून टाकावा लागला. प्रेक्षक टिकण्याचा आलेख बघितला तर "तर मंडळी" या शब्दांवर रेघ सरळ खाली. माणसाला कळतं, संपलं. मामाला हे पटायला वेळ लागला. "पाव्हण्याला दारापर्यंत सोडायला नको का?" म्हणाला. आता तो शेवटची माहिती सांगतासांगताच रॅककडं वळतो, "हे दोन घड असे एकावर एक पडले की काय होतं, ते इथं दाखवलंय" म्हणतो, आणि चौकोन तेव्हाच उगवतो. सबस्क्राइबचं बटण मी त्यानंतर पाच-सहा सेकंदांनी आणते. दोन्ही एकदम आले की लोक दोन्हीकडं बघत बसतात.

तक्रारी आहेतच. मजकूर व्हिडिओतच कोरल्यामुळं चौकोन कुठं येणार ते शूटिंगआधीच ठरवावं लागतं. दोनदा मामाचं तोंडच चौकोनाखाली गेलं. सबटायटल चालू असली की खालची अक्षरं झाकतात, म्हणून मजकूर आता मी वर घेते. आणि एक सूचना: एप्रिलमध्ये व्ह्यूज वाढले म्हणून हुरळू नका. बेदाण्याच्या हंगामात आमचे व्ह्यूज दरवर्षीच वाढतात. मी फक्त End screen element click rate बघते, म्हणजे चौकोन जितक्यांना दिसला त्यातल्या कितींनी दाबलं. पूर्वी शंभरात एखादा दाबायचा, आता पाच-सहा. उरलेले नव्वदच्या वर अजूनही जातातच.

परवा ऑक्टोबर छाटणीचा व्हिडिओ शूट झाला. शीर्षक, "छाटणीनंतर पेस्ट कधी लावायची". काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून ही पेस्ट लावतात. मी शेवटाला लिहिलं होतं, "पेस्ट लावताना घ्यायची काळजी". मामानं बघितलं आणि म्हणाला, ते तर मी ह्याच व्हिडिओत सांगितलंय की. मग त्यानंच सांगितलं, "लिही, डोळे मागंपुढं फुटले तर?" पुढचा व्हिडिओ अजून व्हायचाय, म्हणून हा तोवर टाकायचा नाही असं ठरलंय.