३८ संदर्भ दिले होते, परत आले ४८

पेपर मृदाशास्त्राचा होता, काळ्या जमिनीतल्या सेंद्रिय कर्बाबद्दल. माती मी स्वतः खणली होती, टायट्रेशनसुद्धा स्वतः केलं होतं. कंटाळा फक्त संदर्भांचा आला. जर्नलची पद्धत वेगळी, प्रबंधाची वेगळी, आणि माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, "या आठवड्यात पाठव." होस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाचा नंबर फिरत होता. 'रेफरन्स सेटिंग, फॉरमॅटिंग, जर्नलप्रमाणे.' साडेसहा हजार सांगितले, यूपीआयने भरले. दोन दिवसांत फाइल परत आली. दिसायला इतकी नीटनेटकी होती की मी वरवर चाळली आणि जर्नलच्या पोर्टलवर चढवली.

तीन महिन्यांनी परीक्षकांचे शेरे आले. प्रयोगाबद्दल दोनच किरकोळ शंका होत्या. बाकी सगळा रोख संदर्भांवर होता: १४ क्रमांकाच्या संदर्भाचा डीओआय, म्हणजे पेपरचा ऑनलाइन ओळखक्रमांक, उघडत नाही, २२ चा विषयाशी संबंध दिसत नाही, ३१ मागे घेतलेला पेपर आहे, आणि सेंद्रिय कर्ब मोजण्याच्या पद्धतीला मूळ संदर्भ का नाही?

शेवटच्या प्रश्नाने मला घाम फुटला. मी वॉकले-ब्लॅक पद्धत वापरली होती. तिचा मूळ पेपर १९३४ चा, सॉइल सायन्सच्या ३७ व्या खंडात पान २९ ते ३८ वर. आमच्या लॅबमधल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही तो तोंडपाठ असतो. तो मी दिलाच होता! शोधला तर यादीतून गायब, आणि त्याच्या जागी २०२१ चा कुणाचा तरी पेपर. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "सर, जुने संदर्भ चालत नाहीत आता, रिव्ह्यूअर नाराज होतात." डायक्रोमेटच्या त्या पद्धतीत कर्बाचं ऑक्सिडेशन पूर्ण होत नाही, साधारण ७७ टक्केच धरलं जातं, म्हणून १.३ ने गुणतात. तो गुणक कुठून आला हे सांगणारा संदर्भच त्याने उडवला होता.

त्या रात्री मी पाठवलेली फाइल आणि त्याने दिलेली फाइल वर्डमध्ये `Review > Compare` ने शेजारी लावली. हे पोर्टलवर चढवण्याआधी केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. माझे संदर्भ होते ३८, त्याचे ४८. म्हणजे दहा वाढले असं वाटतं, पण एक काढलेला होता, तेव्हा घुसडलेले अकरा. झोटेरो या संदर्भांच्या सॉफ्टवेअरचे जिवंत दुवे तोडून त्याने सगळा साधा मजकूर केला होता. मी पाठवलेल्या फाइलमध्ये मजकुरातल्या संदर्भावर क्लिक केलं की तो राखाडी व्हायचा, याच्या फाइलमध्ये काहीच होत नव्हतं.

अकरांतल्या सात पेपरांच्या लेखकांत तीच दोन नावं फिरून फिरून येत होती. फसवणूक मला तिथे कळली. हा माणूस माझ्याकडून संदर्भ नीट करायचे पैसे घेत होता, आणि बहुधा त्या दोघांकडून त्यांचे पेपर दुसऱ्यांच्या यादीत घालायचे. माझी यादी त्याचा माल होती. दोन संदर्भ तर अस्तित्वातच नव्हते. एकाचा डीओआय doi.org वर टाकला की `DOI Not Found`. दुसऱ्याला डीओआय नव्हता, पण जर्नल खरं, खंड खरा. तो खंड उघडून पान काढलं तर तिथे भलत्याच विषयाचा पेपर. एक मागे घेतलेला निघाला. प्रकाशकाच्या पानावर बहुतेक वेळा शीर्षकाआधी `RETRACTED` लिहिलेलं असतं, पण दुसरीकडून उतरवलेल्या पीडीएफवर तो शिक्का असेलच असं नाही. राहिलेला एक मात्र खरोखर कामाचा होता.

घाबरून मी उपलब्ध नत्र मोजण्याच्या पद्धतीचा, सुब्बय्या-असिजांचा १९५६ चा संदर्भसुद्धा काढायला निघालो होतो, कारण त्याचा डीओआय सापडेना. तो करंट सायन्सच्या २५ व्या खंडात पान २५९-२६० वर आहे, अगदी खरा. जुन्या पेपरला डीओआय नसला म्हणजे तो खोटा ठरत नाही, पान उघडून बघावं लागतं.

त्या फॉरमॅटिंगवाल्याला जाब विचारला तर आवाज एकदम मवाळ. "सर, टेन्शन नका घेऊ. एडिटरला जायचं कव्हर लेटर मीच बनवून देतो, सुधारित यादीसकट. अडीच हजार." नमुना लगेच पाठवला: 'संदर्भ व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधील तांत्रिक बिघाडामुळे काही संदर्भांची अदलाबदल झाली.' खोटं सांगत नाही, मला तो मसुदा आवडला. सगळं खापर सॉफ्टवेअरवर. पैसे भरण्याआधी मॅडमना दाखवला.

त्यांनी चष्मा वर केला. "सॉफ्टवेअर क्रमांक चुकवेल रे. नसलेला पेपर जन्माला घालेल का? संपादकाला हे कळत नाही असं वाटतं तुला?" मग त्यांनी सुधारित यादी मोजायला लावली. त्यात त्याच दोन नावांचे आणखी तीन पेपर घातलेले होते. म्हणजे दुरुस्ती हीसुद्धा त्याची विक्रीची संधी! मी नकार कळवला आणि त्याने मला ब्लॉक केलं. साडेसहा हजार गेले ते गेलेच.

खरं पत्र लिहायला आम्हाला दोन दिवस लागले. ते इंग्रजीत होतं, गाभा असा: विषयाच्या ओळीत हस्तलिखिताचा क्रमांक. पहिल्याच परिच्छेदात सरळ कबुली: "संदर्भांची मांडणी आम्ही बाहेरच्या व्यक्तीकडून पैसे देऊन करून घेतली. तिने आमच्या नकळत ११ संदर्भ घातले व एक काढला. आम्ही ते न तपासता सादर केले, ही चूक आमची आहे." त्याखाली तक्ता: जुना क्रमांक, नवा क्रमांक, मजकुरातली ओळ, काय केलं, का केलं. दोन्ही क्रमांक देण्याचा आग्रह मॅडमचा. यादीतून दहा नोंदी गेल्या की पुढचे सगळे आकडे सरकतात, आणि परीक्षकाचा '२२' नव्या फाइलमध्ये शोधून सापडत नाही.

सगळ्यात नाजूक ओळ निंबोळी पेंडीची होती. पेंडीने कर्ब वाढतो असं एक वाक्य त्या माणसाने चर्चेत घातलं होतं, आधार तो मागे घेतलेला पेपर. मला वाटलं, दुसरा संदर्भ शोधून चिकटवू. मॅडम म्हणाल्या, "आपण पेंड वापरली होती का?" नव्हती. वाक्यच काढलं, आणि काढल्याचं पत्रात लिहिलं. निष्कर्ष आमच्या स्वतःच्या मोजणीवर असल्यामुळे बदलत नाहीत, हे एका वाक्यात. शेवटी, उरलेले ३९ संदर्भ सगळ्या लेखकांनी मूळ पेपर उघडून तपासल्याचं लिहिलं, आणि ते खरोखर तपासले. माझ्या वाट्याला सतरा आले, त्यांतल्या दोन ठिकाणी पान क्रमांक माझेच चुकलेले निघाले. तेही तक्त्यात गेले. परीक्षकांच्या शेऱ्यांना मुद्देसूद उत्तरं वेगळ्या फाइलमध्ये, बदल दाखवणारी प्रत आणि स्वच्छ प्रत वेगळी.

संपादकांचं उत्तर नवव्या दिवशी आलं, चार ओळींचं. सगळ्या लेखकांच्या सहीचं निवेदन मागितलं आणि पेपर त्याच परीक्षकाकडे परत जाईल असं कळवलं. तिथेच आहे अजून.

काल वेगळाच घोळ लक्षात आला. त्याची फाइल चांगली दिसते म्हणून मी तीच यादी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणातही उचलून टाकली होती. त्या दोन नावांच्या सातांतले पाच पेपर तिथे अजून बसलेले आहेत, आणि त्या प्रकरणाच्या तीन प्रती बाईंडिंगवाल्याकडे गेल्यात. सकाळी दुकान उघडायच्या आत जाऊन थांबवायच्या आहेत.