दुकानाच्या मेलमधून गायब होणारे बँकेचे निरोप

इतवारीत आमचं किराण्याचं ठोक दुकान आहे. गल्ल्यावर दादा बसतात, उधारी-वसुली मी पाहतो. दादांचा मुलगा बंटी (घरचं नाव, खरं लिहीत नाही) इंजिनिअरिंगला आहे. या उन्हाळ्यात आमच्या दुकानाच्या खात्यावर डल्ला पडता पडता राहिला. थोडे पैसे गेले, मोठी रक्कम वाचली. प्रकार कसा चालतो ते दुकानदार मंडळींना कळावं म्हणून सविस्तर लिहितो.

परीक्षा तोंडावर होती, म्हणून रात्री दोनच्या सुमारास बंटी जागाच होता. त्याच्या स्वतःच्या जीमेलवर एक मेल आला: "New sign-in on Windows". खाली लिहिलं होतं की हा इशारा दुकानाच्या मेलसाठीचा आहे आणि ही त्याची प्रत आहे. दुकानाचा मेल उघडताना बंटीने आपला पत्ता रिकव्हरी ई-मेल म्हणून दिला होता, त्यामुळे प्रत त्याच्याकडे आली. मूळ इशारा दुकानाच्या मेलमध्ये आला होता, पण आत शिरलेल्या माणसाने तो लगेच उडवला. ही प्रत नसती तर आम्हाला काहीच कळलं नसतं.

अशा इशाऱ्यांचे खोटे मेलही येतात, आणि त्यातलं बटण दाबलं की हुबेहूब गूगलसारखं पान पासवर्ड मागतं. म्हणून बंटीने मेलमधलं काहीच दाबलं नाही. आपल्या लॅपटॉपवर myaccount.google.com हे स्वतः टाइप केलं, दुकानाच्या खात्याने लॉगिन केलं आणि "Your devices" उघडलं. तिथे विंडोजचा नवा कॉम्प्युटर दिसत होता, गाव परराज्यातलं. गावाच्या नावावर फार जाऊ नये, ते अंदाजे असतं आणि लबाड माणसाला ते हवं तसं दाखवता येतं. वेळ मात्र बोलकी होती. दुकान नऊला बंद होतं आणि दुकानातल्या कॉम्प्युटरचं मेन बटणही तेव्हाच बंद होतं.

तरी खात्री करायला त्याने दादांना हलवलं. "बाबा, तुम्ही दुकानाचा मेल कुठे उघडून राहिले का?"

"मी झोपून राहिलो बे! काहून उठवलं?"

बंटीने तो कॉम्प्युटर साइन आउट केला, पासवर्ड बदलला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं. बहुतेक जण इथेच थांबले असते. पण त्याला एक खटकलं. दुकानाच्या इनबॉक्समध्ये संध्याकाळनंतर बँकेचा एकही मेल नव्हता. एरवी दिवसाच्या जमा-खर्चाचा मेल रात्री येतोच येतो. त्याने ट्रॅश उघडला, तर बँकेचे सगळे मेल तिथे पडलेले. त्यात एक ओटीपीचा होता, एक "नवा लाभार्थी जोडला" असा, आणि एक पैसे गेल्याचा.

हे आपोआप होत होतं. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये "Filters and Blocked Addresses" नावाचा भाग आहे, तिथे ही ओळ सापडली:

```
Matches: (OTP OR payee OR beneficiary OR debited)
Do this: Skip Inbox, Mark as read, Delete it
```

म्हणजे यांपैकी कोणताही शब्द असलेला मेल थेट कचऱ्यात. आपल्याला काही दिसत नाही, आणि आत बसलेला माणूस निवांत ट्रॅशमधून ओटीपी वाचतो. आमची बँक ओटीपी मोबाइलवर आणि मेलवर, दोन्हीकडे पाठवते. एसएमएस दादांच्या फोनवर आले होतेच, पण फोन सायलेंट करून चार्जिंगला लावलेला. पासवर्ड बदलला तरी असं फिल्टर आपोआप जात नाही, ते हातानेच काढावं लागतं. जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये ते दिसतही नाही, कॉम्प्युटरवरच पाहावं लागतं. शेजारीच "Forwarding and POP/IMAP" आहे, तिथे अनोळखी पत्ता घालून मेलची प्रत दुसरीकडे वळवता येते. आमच्याकडे तो भाग सुदैवाने रिकामा होता. बंटीने आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले, मग फिल्टर उडवलं. ट्रॅश रिकामा केला नाही, कारण पुरावा तिथेच होता.

मग बँक. नंबर गूगलवर शोधला नाही, कारण तिथे ठगांनी पेरलेले खोटे कस्टमर केअर नंबरही सापडतात. दादांच्या डेबिट कार्डच्या मागे छापलेला नंबर लावला. नेट बँकिंग आणि कार्ड बंद करून घेतलं, तक्रार क्रमांक आणि वेळ वहीत लिहिली. तोवर दहा हजार गेले होते. नव्या लाभार्थ्याला पहिल्या दिवशी आमची बँक त्याहून जास्त जाऊ देत नाही. मार्केटला चुकवायची मोठी रक्कम खात्यात होती, ती या मर्यादेमुळे जागेवर राहिली.

लगेच १९३० वर फोन केला आणि cybercrime.gov.in वर तक्रार भरली. १९३० वाले व्यवहाराचा क्रमांक मागतात, तो हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत तिथली बँक ते गोठवू शकते, म्हणून इथे मिनिटांचा हिशेब असतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असंही आहे की ग्राहकाने कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचं. तक्रारीची वेळ लिहून ठेवायची ती यासाठी. आमच्या दहा हजारांतले काही पुढच्या खात्यात अडकवले गेलेत. हाती अजून आलेले नाहीत.

पासवर्ड गेला कसा, ते दुसऱ्या दिवशी कळलं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर एका ओळखीच्या रिपेअरवाल्याने बिलिंगचं सॉफ्टवेअर "फुकटात" टाकून दिलं होतं, क्रॅक केलेलं. टाकताना त्याने अँटिव्हायरस बंद केला आणि "चालू कराल तर सॉफ्टवेअर बंद पडेल" असं सांगून गेला. खूण हीच. अशा क्रॅकसोबत अनेकदा असा प्रोग्रॅम येतो, जो ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड उचलून बाहेर पाठवतो. दुकानाच्या क्रोममध्ये काय नव्हतं! दादांचं आणि माझं नेट बँकिंग, वहिनींची विमा पॉलिसी, पुतणीचं डीमॅट, जीएसटी पोर्टल. एका जागी सगळं घर.

म्हणूनच बंटीने रात्री दुकानाच्या कॉम्प्युटरला हात लावला नाही ते बरं झालं. तिथे बसून नवा पासवर्ड टाकला असता, तर तोही त्याच वाटेने गेला असता. सकाळी त्याने सगळे पासवर्ड आपल्या लॅपटॉपवरून बदलले. आधी जिथून पैसे निघतात ते, मग बाकीचे. त्यानंतर कॉम्प्युटर फॉरमॅट झाला, फक्त हिशेबाच्या फाइल्स काढून ठेवल्या. दादा दोन दिवस हाताने बिलं फाडत होते आणि "याच्यापेक्षा वही बरी होती बाप्पा" म्हणत होते. बिलिंगचं सॉफ्टवेअर आता पैसे मोजून घेतलंय.

ओळीतल्या काही दुकानदारांना हे सांगितलं, तर एकाने लगेच बंटीला आपला मेल दाखवला. फिल्टर काही नव्हतं. पण रिकव्हरीला नंबर होता जुन्या मुनीमजींचा, जे नोकरी सोडून कधीच गेले, आणि तो नंबर आता कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बंटीने तो तिथेच, त्यांच्या गल्ल्यावर उभं राहून बदलून दिला.