६० च्या विभाजकांची हासे आकृती: रेषा पुसत जावं की मूळ अवयवांवरून काढावी?

हासे आकृतीत भागणारी संख्या खाली आणि जिला भाग जातो ती वर ठेवतात, आणि मध्ये तिसरी कुणी बसत नसेल तरच दोघींना रेषेने जोडतात. विभाजकांची अशी आकृती काढायच्या दोन रीती आहेत. एकीत जिथे जिथे भाग जातो तिथे रेषा ओढायची आणि मग जादा रेषा पुसायच्या. दुसरीत मूळ अवयव बघून हव्या तेवढ्याच रेषा काढायच्या. मी दोन्ही बऱ्याच वापरल्या आहेत. तुलनेसाठी ६० घेऊ.

६० चे विभाजक १२. स्वतःशीच असलेले संबंध सोडले, तर भाग जाणाऱ्या जोड्या ४२ भरतात आणि त्यांतल्या २२ रेषा पुसाव्या लागतात. प्रत्येक रेषेला विचारायचं: दोघांच्या मध्ये कुणी बसतं का? २ आणि १२ च्या मध्ये ४ आणि ६ बसतात, म्हणून ती रेषा गेली. ४ आणि १२ च्या मध्ये कुणी नाही, ती राहिली. २ ने ४ ला आणि ४ ने १२ ला भाग जातो, म्हणून २ ने १२ ला जातोच; ही संक्रमकता इथे प्रत्यक्ष हाताखालून जाते, हा या रीतीचा खरा गुण.

मला खटकतं ते उंचीचं. कोणता विभाजक कुठल्या पातळीवर ठेवायचा, हे पुसण्यातून कळत नाही. मग हात आपसूक लहान आकडा खाली, मोठा वर असं मांडत जातो. त्यामुळे क्रमाचा नियम मोडत नाही, पण ३, ६ आणि १५ एका सरळ रेषेत आले, तर ३ ते १५ ही योग्य रेषा ६ मधून जाते आणि ६ ने १५ ला भाग जातो असं वाचलं जातं. उलट २, ४, १२ एका ओळीत आले, तर पुसायची राहिलेली २–१२ रेषा ४ च्या मागे लपून बसते. कितीही तपासा, ती सापडत नाही.

दुसऱ्या रीतीत ६० = २ × २ × ३ × ५ असं मांडलं की जागा आधीच ठरतात. जितके मूळ अवयव, पुन्हा आलेलेही मोजून, तितकी पातळी: तळाला १; मग २, ३, ५; मग ४, ६, १०, १५; मग १२, २०, ३०; माथ्यावर ६०. म्हणजे ४ हा ५ च्या वर येतो आणि १५ हा १२ च्या खाली. सुरुवातीला विचित्र वाटतं, पण तेच बरोबर आहे. रेषा फक्त लगतच्या पातळ्यांत, भागाकार मूळ संख्या आला तरच. अशा २० रेषा होतात.

पडताळाही सोपा. प्रत्येक विभाजकाखाली त्याच्या वेगवेगळ्या मूळ अवयवांइतक्या रेषा हव्यात: ३० खाली तीन, १२ खाली दोन, ४ खाली एकच. पातळी मोजताना पुन्हा आलेला २ विसरलात, तर ४ हा २ च्या शेजारी बसतो आणि त्यांची रेषा आडवी होते. चूक लगेच दिसते.

मात्र सगळे विभाजक हाताशी नसतील, तर ही रीत चालत नाही. १, २, ३, १२, १८, ३६ या संचात २ च्या लगेच वर १२ येतो, भागाकार मात्र ६. तिथे पुसण्याला पर्याय मला तरी सापडलेला नाही. पूर्ण विभाजकसंच असेल, तर मी खोडरबर बाजूला ठेवतो.