‘अडकलं’ हे स्टेटस ठेवायचं की फ्लॅग?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी वजनकाट्याच्या नोंदींचं सॉफ्टवेअर करायचंय, टीम चार जणांची. कामांचा माग ठेवणाऱ्या जिरा या साधनात पहिला बोर्ड मांडताना ‘करायचंय’, ‘चालू’, ‘तपासणी’, ‘झालं’ यांवर सगळ्यांचं पटकन एकमत होतं. वाद होतो तो अडकलेल्या कामावर.

‘अडकलं’ असा वेगळा कॉलम केला, तर अडचणी एका नजरेत दिसतात आणि काम किती दिवस थांबलं हे स्टेटसच्या इतिहासातून थेट निघतं. पण समजा, गाडीच्या वजनाची पावती तपासणीत आहे आणि फाउंड्रीकडून काट्याची नमुना फाइल यायची आहे. कार्ड ‘अडकलं’मध्ये गेलं, की ते तपासणीत होतं हे बोर्डावरून पुसलं जातं. फाइल आल्यावर कुणीतरी ते ‘चालू’मध्ये ओढतं आणि झालेलं काम पुन्हा उघडलं जातं. शिवाय तपासणीची जागा मोकळी दिसते, म्हणून तिथे नवं कार्ड येतं. अर्धवट कामं अशीच साचतात.

फ्लॅग लावला तर कार्ड जागेवरच राहतं, फक्त रंग बदलतो. कॉलममध्ये एका वेळी तीनच कार्डांची मर्यादा असेल, तर तेही त्यात मोजलं जातं, आणि ते सोडवण्याची निकड सगळ्यांना जाणवते. अडकलेल्या कामांची यादी हवी तर जिराच्या शोधात हे लिहायचं:

```
Flagged is not EMPTY
```

फ्लॅगसोबत ‘कुणाची वाट’ हे एक फील्ड मात्र हवंच. नुसत्या रंगावरून फोन कुणाला करायचा ते कळत नाही.

मी सुरुवात फ्लॅगनेच करेन. प्रत्येक काम ग्राहकाच्या मंजुरीसाठी थांबणारच असेल, तर ती अडचण नव्हे, टप्पा आहे. त्याला ‘मंजुरी’ हे स्वतंत्र स्टेटस द्यावं.